सोडायचा श्वास

स्पायरोमीटरच्या खोलीत माझा आवाज आपोआप चढतो. समोरच्या माणसाच्या नाकाला चिमटा लावलेला, तोंडात पुठ्ठ्याची नळी घट्ट धरलेली. छाती पूर्ण भरून घ्यायची आणि एका झटक्यात सगळी हवा सोडायची. "सोडा, सोडा, अजून सोडा, थांबू नका!" असं मी किमान सहा सेकंद म्हणत राहते. निरोगी माणसाची बरीचशी हवा पहिल्या सेकंदातच बाहेर पडते. वर्षानुवर्षं विडी ओढलेल्या माणसाची हवा मात्र आठव्या-नवव्या सेकंदालाही बारीक धारेनं येतच असते. पडद्यावरची रेघ चढता चढत नाही आणि सपाटही होत नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. धूम्रपान सोडलेली बरीच माणसं छातीच्या डॉक्टरांकडून माझ्याकडे येतात. त्यातले बहुतेक जण प्राणायाम आधीच सुरू करून आलेले असतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: याने फुप्फुस पुन्हा पहिल्यासारखं होईल का? उत्तर त्या रेघेतच आहे, म्हणून आधी तिच्याविषयी सांगते.

श्वास घ्यायला स्नायू लागतात, शांतपणे सोडायला लागत नाहीत. फुप्फुस ताणलं जातं आणि स्वतःच्या लवचिकतेनं परत आकसतं, तेवढ्यानं हवा बाहेर जाते. धुरामुळे दोन गोष्टी बिघडतात. बारीक श्वासनलिका सुजतात, कफानं अरुंद होतात. आणि वायुकोशांच्या भिंती नष्ट होतात. या भिंतीच बारीक नलिकांना सगळीकडून ताणून उघड्या धरत असतात. त्या गेल्या की उच्छ्वासाच्या वेळी नलिका मिटतात आणि हवा आत अडकते. अडचण हवा आत जाण्याची कमी आणि बाहेर पडण्याची जास्त असते. रुग्णाला मात्र नेमकं उलटं वाटतं. "मॅडम, श्वास आत जातच नाही," असं तो सांगतो, कारण छाती आधीच अडकलेल्या हवेनं भरलेली असते. नष्ट झालेले वायुकोश कोणत्याही श्वसनक्रियेनं परत उगवत नाहीत. याबाबत मी रुग्णाला कधीही गोलमोल बोलत नाही.

एका काकांची हकीकत सांगते. वय ५८, गाडी चालवण्याचा व्यवसाय, तीस वर्षांहून अधिक काळ विडी. ती सोडून वर्ष झालं होतं. पंपाचं औषध देऊन, पंधरा मिनिटं थांबून घेतलेल्या चाचणीत त्यांची एकूण हवा २.७० लिटर आणि पहिल्या सेकंदातली १.५० लिटर आली. म्हणजे पहिल्या सेकंदात जेमतेम ५६ टक्के. औषध दिल्यानंतरही हे प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली राहिलं, तर नलिकांमध्ये कायमचा अडथळा आहे असं धरतात. विडी सोडली त्याच आठवड्यापासून काका पहाटे उठून कपालभाती करत होते, बरीच आणि जोरात. शेजारच्या एकांनी सांगितलं होतं की त्याने आतला धूर, काजळी सगळं बाहेर पडतं. कपालभाती संपल्यावर त्यांना उभं राहायला दोन-तीन मिनिटं लागत. ते त्यांना व्यायामाचा थकवा वाटे.

मी त्यांना माझ्यासमोर ती करायला सांगितली. थोड्याच झटक्यांत मानेचे स्नायू दोरीसारखे वर आले, खांदे उचलले गेले आणि श्वास घेताना खालच्या फासळ्या बाहेर जायच्या ऐवजी आत ओढल्या जाऊ लागल्या. छातीत हवा साठत चालल्याची ही खूण आहे. फासळ्या आत जातात कारण खालचा पडदा, म्हणजे श्वासपटल, दाबानं सपाट झालेला असतो आणि आकसताना फासळ्यांनाच आत खेचतो. मी त्यांना थांबवलं आणि नाव-पत्ता विचारला. एका वाक्याचे त्यांना तीन तुकडे करावे लागले.

कपालभातीत उच्छ्वास झटक्याचा आणि आखूड असतो. ज्याच्या नलिका दाबाखाली मिटतात, त्याने जोर लावला की त्या अधिकच मिटतात. पुढचा श्वास आधीची हवा निघायच्या आतच येतो. निरोगी माणसाला यातून सहसा काही होत नाही. पण फुप्फुसात हवेचे मोठे फुगे झाले असतील तर फुप्फुस फुटून बाजूला हवा साठण्याचा धोका असतो. एका निरोगी तरुण स्त्रीलाही कपालभातीनंतर असं झाल्याची नोंद २००४ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली आहे. अशी उदाहरणं विरळ आहेत, पण त्या काकांची विडीची तीस वर्षं पाहता मला ती जोखीम मुळीच घ्यायची नव्हती. भस्त्रिकाही बंद केली. कुंभकही बंद, कारण ज्याची हवा आधीच अडकलेली आहे त्याला ती आणखी अडकवून ठेवायला सांगण्यात काही अर्थ नाही.

मग शिकवायचं काय? सोडायचं. खुर्चीत थोडं पुढे झुकून, कोपर मांडीवर. नाकातून साधा श्वास, पोटभर नाही, नेहमीएवढाच. मग ओठ जवळ आणून बशीतल्या चहावर घालतो तशी हलकी फुंकर. चहा सांडता कामा नये. गाल फुगले तर जोर जास्त होतोय. ओठांपाशी हवेला थोडा अडथळा झाला की नलिकांच्या आत किंचित दाब टिकतो, त्या उशिरा मिटतात आणि तेवढ्या वेळात जास्त हवा निघते. घ्यायला दोन अंक मोजले तर सोडायला चार. सुरुवातीला काकांना तीनपर्यंतच जमत होतं. मी चारचा आग्रह धरला नाही. ताणून मोजलं की पुढचा श्वास धापेसारखा येतो आणि सगळा हेतूच जातो.

वेग कमी केल्यानं होतं काय, ते थोड्या हिशेबानं दिसतं. प्रत्येक श्वासातली साधारण १५० मिली हवा नाक, घसा, मोठ्या नळ्या यांतच राहते, वायुकोशांपर्यंत पोचत नाही. मिनिटाला २४ श्वास, प्रत्येकी २५० मिली घेतले तर सहा लिटर हवा हलते, पण कामाची फक्त २.४ लिटर. तेच मिनिटाला १२ श्वास, प्रत्येकी ५०० मिली घेतले तर हलते सहाच लिटर, पण कामाची होते ४.२. फुप्फुस तेच, कष्टही फारसे वेगळे नाहीत. आजारी फुप्फुसात वाया जाणारा भाग याहून मोठा असतो, म्हणून उथळ आणि भरभर श्वास त्याला अधिक महाग पडतो.

दुसऱ्या आठवड्यापासून अनुलोम-विलोम घेतलं, कुंभकाशिवाय. एक नाकपुडी बंद असली की हवेचा वेग आपोआप मंदावतो. नाक चोंदलेलं असेल त्या दिवशी करायचं नाही, हेही सांगितलं. शेवटी भ्रामरी. गुंजन करत श्वास सोडायचा तर तो लांब आणि सावकाशच सोडावा लागतो, मोजायची गरज उरत नाही. कफासाठी वेगळं तंत्र आहे: दोन-तीन शांत श्वास, मग तोंड आणि घसा उघडा ठेवून 'हा' असा मध्यम जोराचा उच्छ्वास, आणि कफ वर आल्यावरच खोकायचं. फुप्फुस साफ होतं म्हणतात त्यातला खरा भाग इतकाच. बाकीची सफाई श्वासनलिकांतले सूक्ष्म केस करतात. विडी थांबल्यावर ते हळूहळू पुन्हा काम करू लागतात, म्हणून सुरुवातीला काहींचा खोकला उलट वाढतो. पोटाने श्वास घेण्याचा धडा मात्र मी काकांना दिला नाही. ज्याचं श्वासपटल सपाट झालंय त्याला पोट फुगवायला लावलं तर धाप वाढू शकते.

खरा उपयोग खुर्चीत बसून नाही, चालताना होतो. दोन पावलांत श्वास घ्यायचा, चार पावलांत सोडायचा. जिना चढताना पाय उचलला की फुंकर. वाकून चप्पल घालतानाही फुंकर. धाप लागल्यावर आठवून उपयोग नाही, आधीपासून सुरू हवी.

तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी केली. पहिल्या सेकंदातली हवा १.५३ लिटर, एकूण २.७४. हा तीस मिलीचा फरक सुधारणा नव्हे. एकाच दिवशी लागोपाठ फुंकलं तरी शंभर मिलीचा फरक सहज येतो. काकांचा चेहरा उतरला. मग त्यांना ३० मीटरच्या व्हरांड्यात सहा मिनिटं चालायला लावलं. पहिल्या वेळी ते ३३६ मीटर चालले होते, आता ३७२. तेव्हा वाटेत दोनदा थांबले होते, आता एकदाही नाही. बसल्यावरचा श्वास मिनिटाला २४ वरून १७ वर आला होता, आणि शून्य ते दहाच्या मापावर त्यांनी स्वतः सांगितलेली धाप पाचवरून तीनवर. यातलं काही श्रेय रोजच्या चालण्याचं आणि नियमित पंपाचंही आहे, सगळं फुंकरीचं नाही. २०१२ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा कॉक्रेन संस्थेनं घेतला, त्यातही हेच चित्र आहे: श्वसनाच्या व्यायामांनी सहा मिनिटांतलं अंतर साधारण ३५ ते ५० मीटरनं वाढलं, धाप आणि जीवनमान यांवरचा परिणाम मात्र अभ्यासागणिक बदलत गेला.

फुप्फुसाच्या आकड्यावर खरा परिणाम दुसऱ्याच गोष्टीचा होतो. अमेरिका आणि कॅनडात सौम्य ते मध्यम अडथळा असलेल्या हजारो धूम्रपान करणाऱ्यांचा अकरा वर्षं पाठपुरावा झाला. ओढतच राहिलेल्या पुरुषांची पहिल्या सेकंदातली हवा वर्षाला सुमारे ६६ मिली घटत गेली. सोडून परत न वळलेल्यांची सुमारे ३०, म्हणजे वयाप्रमाणे कोणाचीही घटते जवळपास तेवढीच. काकांनी कमावलं ते इथे. १.५० लिटर त्यांनी प्राणायामानं नाही, विडी सोडून राखलं आहे.

कोविडपासून घरोघरी तीन चेंडूंचं यंत्र आलं आहे. तिन्ही चेंडू वर गेले की फुप्फुस ठणठणीत, असं अनेक जण समजतात. ते यंत्र श्वास आत ओढण्याचा वेग दाखवतं. विडीनं बिघडतो तो बाहेरचा रस्ता. काका तिन्ही चेंडू वर उचलायचे. श्वास किती सेकंद रोखता येतो यावरूनही काही ठरत नाही, ते सवयीनं वाढतं.

लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम सुरू केलं, तेव्हा योगक्रिया करताना शरीरात काय होतं ते क्ष-किरणांनी आणि दाबमापकांनी तपासायला घेतलं. मोजून पाहण्याची ती वाट आपल्याच मातीतली आहे, आणि मला ती फार जवळची वाटते. प्राणायामाला जे जमत नाही ते त्याच्या नावावर खपवलं की लोक पंप बंद करतात. माझ्याकडे असे रुग्ण येतात, आणि त्यांची पुढची चाचणी आधीच्यापेक्षा वाईट असते.

तुम्ही विडी-सिगारेट सोडली असेल तर प्राणायाम सुरू करण्याआधी एकदा स्पायरोमेट्री करून घ्या. ती चांगली आली तर कोणताही प्राणायाम बेताने करा. अडथळा निघाला तर झटक्याचे प्रकार आणि कुंभक सोडा, लांब उच्छ्वास शिका, रोज चाला आणि पंप डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. थुंकीत रक्त दिसलं, वजन विनाकारण घटलं किंवा छातीच्या एका बाजूला अचानक कळ येऊन दम लागला, तर आसनावर बसू नका, थेट दवाखाना गाठा.