कॅल्शियमचं देणं, सिलिकॉनचं घेणं

कॅल्शियम आणि सिलिकॉन एकत्र वितळवले की प्रमाणानुसार वेगवेगळी संयुगं बनतात. त्यांची आतली रचना कागदावरच्या साध्या बेरजेने ओळखता येते. ही वाट जर्मन रसायनशास्त्रज्ञ एडुआर्ड झिंटल यांनी 1930च्या दशकात दाखवली.

सिलिकॉनच्या बाहेरच्या कक्षेत 4 इलेक्ट्रॉन असतात, हवे असतात 8. कॅल्शियम आपले 2 देऊन टाकतो. Ca₂Si मध्ये सिलिकॉनला दोन कॅल्शियमकडून 4 मिळतात. आठ पुरे झाले, म्हणून तो सुटा राहतो. CaSi मध्ये दोनच मिळतात, बेरीज 6. उरलेली तूट तो दोन शेजाऱ्यांशी बंध जोडून भरतो आणि नागमोडी साखळी तयार होते. CaSi₂ मध्ये वाट्याला एकच येतो. मग तीन बंध, आणि सुरकुतलेला थर.

मला सगळ्यांत आवडतं ते Ca₅Si₃. त्यात 10 इलेक्ट्रॉन तीन सिलिकॉनांत सारखे वाटले जातच नाहीत: एक 4 घेऊन सुटा राहतो, उरलेले दोघं 3-3 घेऊन जोडी करतात.

हिशेब जुळला की पदार्थ अर्धवाहक असावा, अशी अपेक्षा असते. Ca₂Si तसा आहे. CaSi₂ मात्र धातूसारखी वीज वाहतो, कारण कॅल्शियम आपले इलेक्ट्रॉन पूर्णपणे सोडत नाही.