शब्दांची जात (लेखांक ५) : बातमीतला भामटा

गेल्या आठवड्यात आपण वस्त्यांची नावे पाहिली. महारवाडा, मांगवाडा अशी जातिवाचक नावे बदलायचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. पाटीवरची जात निदान डोळ्यांना दिसते, म्हणून तिच्यावर बोलता तरी येते. आजचा शब्द तसा नाही. त्यातली जात बहुतेकांना दिसतच नाही, आणि नाशिकच्या वर्तमानपत्रांच्या गुन्हेवृत्तात तो वरचेवर छापून येतो. तो शब्द म्हणजे भामटा.

नमुन्यादाखल एक वाक्य घेऊ : ‘पोलीस असल्याची बतावणी करून दोघा भामट्यांनी पंचवटीत वृद्धेचे दागिने लांबवले.’ या वळणाचे वाक्य आपण इतक्यांदा वाचले आहे, की त्यात खटकण्यासारखे काही आहे असे वाटतही नाही. आता तर ‘सायबर भामटे’ही रुळले आहेत. पण महाराष्ट्राच्या विमुक्त जातींची यादी उघडा. एकूण चौदा नोंदी आहेत. बेरड, कैकाडी, कंजारभाट, रामोशी, वडार, छप्परबंद यांच्याबरोबर तिथे ‘भामटा’ ही एक नोंद आहे आणि ‘राजपूत भामटा’ ही दुसरी. म्हणजे आपण ज्या नावाने चोराला हाक मारतो, ते नाव आपल्याच राज्यात हजारो मुलांच्या जातीच्या दाखल्यावर सरकारी शिक्क्यानिशी लिहिलेले असते.

हे कसे घडले ते नीट समजून घ्यायला हवे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या नव्या कायद्यानंतर त्याचा जाच मुंबई इलाख्यातही पोहोचला. त्यामागचा विचार सरळ आणि भयंकर होता : काही माणसे गुन्हा करतात म्हणून गुन्हेगार नसतात, ती जन्मानेच गुन्हेगार असतात. म्हणून त्यांची नोंद करायची, हजेरी घ्यायची, परवानगीशिवाय हलू द्यायचे नाही. सोलापूरला तारेच्या कुंपणाआडची वसाहत उभी राहिली. तिला लोक आजही सेटलमेंटच म्हणतात. इलाख्यातले वरिष्ठ पोलीस अधिकारी एम. केनेडी यांनी १९०८ साली ‘गुन्हेगार वर्गां’वर एक जाडजूड पुस्तक काढले होते. त्यात भामट्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. ते रेल्वेत आणि जत्रेत कसे चोरतात, वेश कसा बदलतात, याची वर्णने पोलिसांनी अशाच पुस्तकांतून शिकायची होती. मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ साली रद्द केला. देशभरात तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, आणि त्या दिवसापासून या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. कायदा गेला, पण पोलीस ठाण्याची बोली राहिली. ठाण्यातून ती प्रेसनोटमध्ये आली आणि तिथून बातमीत.

इथे एक आक्षेप नेहमी येतो : हा शब्द मुळात ठकाचाच वाचक आहे, जातीला तो मागाहून चिकटला. समजा, तसे असेल. मग गोष्ट अधिकच वाईट ठरते, कारण मग एका अख्ख्या समाजाला शिवीच नाव म्हणून दिली गेली, असा त्याचा अर्थ होतो. आधी जात की आधी शिवी, या वादाचा निकाल लागेपर्यंत बातमी लिहिणाऱ्याने थांबायचे कारण नाही. शब्द आज एका जिवंत समाजाचे नाव आहे, एवढे त्याला पुरे.

मग त्या समाजानेच नाव का टाकू नये, असेही कोणी विचारेल. मे २०२३ मध्ये नेमका हाच प्रश्न पेटला. तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी छत्रपती संभाजीनगरला राजपूत समाजाच्या मेळाव्यात ‘राजपूत भामटा’मधला ‘भामटा’ शब्द काढण्याची घोषणा केली. विमुक्त जातींच्या संघटनांनी लगेच विरोध केला. त्यांची भीती अशी, की यादीत नुसते ‘राजपूत’ उरले तर खुल्या प्रवर्गातल्या राजपुतांनाही विमुक्तांच्या तीन टक्क्यांत शिरायला वाट मिळेल. त्या भीतीत तथ्य आहे. ज्या नावाने अपमान होतो त्याच नावावर शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि नोकरीतली जागा अवलंबून आहे. त्यामुळे त्या मुलाला ते नाव इतक्यात टाकता येत नाही. आपल्याला मात्र तो शब्द आजच टाकता येतो, आणि त्याची किंमत काहीच नाही. माझ्या मते सगळा मुद्दा एवढ्यातच आहे.

किंमत नाही, हे मी जबाबदारीने म्हणतो. वरचे वाक्य पुन्हा घ्या : ‘पोलीस असल्याचे खोटेच सांगून दोघांनी पंचवटीत वृद्धेचे दागिने नेले.’ काय हरवले? काहीच नाही. उलट ‘भामटा’ हा शब्द बातमीदाराला आळशी बनवतो. सोनसाखळी ओढून पळणारा, तोतया पोलीस, बँकेचा अधिकारी म्हणून फोन करणारा, हे सगळे त्या एका पोत्यात जातात. खरे तर भारतीय न्याय संहितेत चोरी ३०३ कलमात आहे, हिसकावून नेणे ३०४ मध्ये, फसवणूक ३१८ मध्ये. काय घडले ते सांगितले की वाचक सावध होतो. मथळ्यात जागा नसते ही तक्रारही टिकत नाही. ‘चोरटा’ तेवढ्याच अक्षरांचा आहे, ‘ठक’ आणि ‘चोर’ त्याहून लहान. नाशकात येत्या २०२७ च्या सिंहस्थात गर्दी, चोऱ्या आणि सावधगिरीचे फलक हे सगळे येणारच. ते फलक लिहिणाऱ्यांनी केनेडीच्या पुस्तकातला जत्रेतला चोर पुन्हा रंगवू नये, असे मला कळकळीने वाटते.

कायदा इथे फारसा कामी येत नाही. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा अनुसूचित जाती-जमातींना संरक्षण देतो. महाराष्ट्रातला भामटा समाज विमुक्त जातींत मोडतो, त्यामुळे तो त्याच्या बाहेरच राहतो. म्हणून जबाबदारी लिहिणाऱ्यावर आणि मजकूर तपासणाऱ्यावर येते.

त्याच यादीतला ‘बेरड’ आपण निगरगट्ट माणसासाठी वापरतो. यादीबाहेरची उदाहरणेही आहेत. नको त्या चौकशांना ‘चांभारचौकशा’ म्हणतो. आणि भाषेच्या शुद्धतेवर पोटतिडकीने लिहिणारे विद्वानही सरमिसळ मराठीला सहज ‘धेडगुजरी’ म्हणून जातात, तेव्हा ‘धेड’ ही अस्पृश्य ठरवलेल्यांना दिलेली शिवी होती, हे त्यांच्या ध्यानात नसते. सरमिसळ, भेसळ, खिचडी यांतला कोणताही शब्द तिथे चालतो.

मात्र भीमराव गस्ती स्वतःच्या आत्मकथनाला ‘बेरड’ हे नाव देतात, लक्ष्मण गायकवाड ‘उचल्या’ म्हणतात, तेव्हा प्रकार निराळा असतो. लादलेले नाव ज्याने सोसले, त्यानेच ते उचलून आपल्यासमोर धरलेले असते. कथेतले एखादे पात्रही असे बोलू शकते. माणसे बोलतात तशी ती दाखवावीच लागतात. तपासायचे ते निवेदन. पात्राच्या तोंडचा शब्द लेखकाच्या स्वतःच्या वाक्यात शिरला असेल, तर तो काढावा. पोलिसांच्या पत्रकातला शब्द अवतरणात द्यायची गरज क्वचितच पडते. तिथे घटना सांगितली की काम भागते. शंका आली तर विमुक्त, भटक्या आणि अनुसूचित जातींच्या याद्या उघडून तो शब्द त्यांत आहे का पाहावा. पाच मिनिटांचे काम आहे.

म्हणींचे तसे नाही, त्यांत शब्द बदलला की म्हणच मोडते. त्यांच्याबद्दल पुढच्या आठवड्यात.