स्मरणिकेची तारीख मागून मोजा

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेची छपाई बहुधा १६ पानांच्या फॉर्मांत होते. ६४ पानांचे ४ फॉर्म ठरले, की ऐनवेळी आलेल्या दोन पानी जाहिरातीसाठी पाने वाढत नाहीत. जुन्या सभासदाचा आठवणींचा लेख कापला जातो. हे मला फार अन्यायाचे वाटते.

म्हणून प्रकाशनाच्या दिवसापासून मागे मोजावे. समारंभ २६ जानेवारीला असेल, तर छपाई-बांधणीसाठी मजकूर १० जानेवारीला छापखान्यात हवा. मुद्रितशोधनासाठी आधीचे १० दिवस. म्हणजे जाहिराती ३१ डिसेंबरला बंद, लेख मात्र नोव्हेंबरअखेर हातात. शुभेच्छापत्रे सही आणि छायाचित्रासह मागवावीत. मलपृष्ठाची जाहिरात सर्वांत आधी ठरवावी. आणि जाहिरातीचे पैसे मजकुरासोबतच घ्या. अंक निघाल्यावर वसुली अवघड होते.