तहानलेला उंट व त्याच्या तांबड्या रक्तपेशी

शिरूर, दौंडसारख्या कमी पावसाच्या तालुक्यांत उन्हाळ्यात फार वेळ तहानलेल्या वासरांना एकदम पोटभर पाणी पाजल्यास कधी कधी त्यांची लघवी लाल होते. पाणी झपाट्याने रक्तात उतरून तांबड्या पेशी फुगतात व फुटतात, हे त्याचे कारण होय.

उंटाचे तसे होत नाही. वजनाच्या चतुर्थांशाइतके पाणी गेले तरी तो जगतो. कारण ही घट मुख्यतः पोटातील व शरीराच्या इतर पेशींतील पाण्यातून होते, रक्त फारसे दाट होत नाही. पुढे पाणी मिळताच तो सुमारे 10 मिनिटांत 100 लिटरपर्यंत पितो. त्याच्या लंबगोल रक्तपेशी दुपटीहून अधिक फुगूनही फुटत नाहीत.

वासरांना मात्र पाणी थोडे थोडे, अंतराने पाजावे.