बारा रुपये किलोमीटर की पंधरा?

बाहेरगावी जायला गाडी ठरवताना फोनवर पहिला प्रश्न एकच असतो: किलोमीटरला किती? एक जण १२ रुपये सांगतो, दुसरा १४, तिसरा १५. बहुतेक घरांत तिथेच निर्णय होतो आणि १२ रुपयेवाला ठरतो. पण भाडं ठरतं ते किलोमीटरचा दर आणि त्यामागे चार-पाच अटी यांच्या बेरजेतून. त्या अटी कधी विचारल्यावर सांगतात, कधी बिलातच कळतात. एकच सहल घेऊन तीन गाडीवाल्यांचे हिशेब मांडले की फरक लगेच दिसतो.

पुण्यातल्या चौघांना कोल्हापूरला जायचं आहे. शनिवारी सकाळी निघून अंबाबाईचं दर्शन, रविवारी जोतिबा, पन्हाळा आणि दुपारनंतर नरसोबाची वाडी, सोमवारी परत. तीन दिवस, दोन रात्री, साधी चार जणांची सेडान. गाडीवाल्याला फोन करण्याआधी आपलं रनिंग काढायचं. पुणे-कोल्हापूर जाऊन-येऊन साधारण ४७० किलोमीटर. जोतिबा-पन्हाळ्याचा फेरा ५५च्या आसपास, वाडीला जाऊन-येऊन ९५. शिवाय गाडी तिच्या गॅरेजमधून आपल्या दारात येणार आणि शेवटी तिथेच परत जाणार. बहुतेक जण किलोमीटर ‘गॅरेज टू गॅरेज’ मोजतात, म्हणून त्याचे २० धरू. एकूण ६४०.

आता भाव. खालचे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. गाव, गाडी आणि हंगाम यांप्रमाणे ते बदलतात. पहिला गाडीवाला म्हणतो, १२ रुपये किलोमीटर, रोज ३०० किलोमीटर मिनिमम, ड्रायव्हर भत्ता रोजचा ३००. दुसरा म्हणतो, १४ रुपये, मिनिमम २५०, भत्ता ३००. तिसरा म्हणतो, १५ रुपये, मिनिमम २००, भत्ता ४००. टोल आणि पार्किंग तिघांकडेही वेगळं.

पहिल्याच्या मिनिममने तीन दिवसांचे ९०० किलोमीटर होतात. गाडी ६४० धावली तरी पैसे ९००चेच द्यायचे: १०,८०० रुपये. त्यात भत्त्याचे ९०० मिळवले की ११,७००. तिसऱ्याकडे मिनिमम फक्त ६०० भरतं, आपलं रनिंग त्याहून जास्त आहे, म्हणून प्रत्यक्ष ६४०चे ९,६०० आणि भत्त्याचे १,२०० मिळून १०,८००. म्हणजे दर सर्वांत जास्त असलेला तिसरा गाडीवाला ९०० रुपयांनी स्वस्त पडला. पहिल्याचे ११,७०० आपल्या खऱ्या ६४० किलोमीटरवर वाटले तर किलोमीटरला सव्वाअठरा रुपये पडतात. तिसऱ्याकडे ते सतराच्या आत राहतात.

मिनिमम ही फसवणूक आहे असं अनेकांना वाटतं. मला ते पटत नाही. आपण जोतिबाच्या रांगेत उभे असतो तेव्हा गाडी खाली उभी असते, पण तिचा बँकेचा हप्ता, विमा, कर आणि ड्रायव्हरचा रोज चालूच असतो. मालकाला दिवसाला काही ठरावीक रक्कम सुटायलाच हवी. ती तो किलोमीटरच्या भाषेत सांगतो, एवढंच. म्हणून भाव ऐकल्याबरोबर दर आणि मिनिमम यांचा गुणाकार करावा. पहिल्याचं दिवसाचं भाडं ३,६०० निघतं, दुसऱ्याचं ३,५००, तिसऱ्याचं ३,०००. मुक्कामाच्या, आरामाच्या सहलीत हाच आकडा खरा दर असतो.

लांबचा पल्ला असेल तर चित्र पूर्ण उलटतं. लग्नासाठी पुण्याहून नागपूरला जायचं असेल तर एका बाजूला साधारण ७२० किलोमीटर होतात. पहिल्या दिवशी जाणं, दुसऱ्या दिवशी गावातल्या गावात ६०, तिसऱ्या दिवशी परत. एकूण १,५००. इथे मिनिममचा प्रश्नच उरत नाही. पहिल्याकडे १८,००० आणि भत्ता ९०० मिळून १८,९०० होतात, तिसऱ्याकडे २३,७००. तेच दोन गाडीवाले, त्याच अटी, आणि फरक ४,८०० रुपयांचा, तोही उलट्या दिशेने. या दोघांच्या भावात तीन दिवसांच्या सहलीसाठी सीमारेषा ७०० किलोमीटरवर पडते. त्याच्या आत तिसरा परवडतो, त्यापुढे पहिला.

आपलं कोल्हापूरचं ६४० या रेषेच्या अगदी जवळ आहे, हे लक्षात ठेवायला हवं. रविवारी संध्याकाळी कुणी म्हणालं की उद्या निघण्याआधी गगनबावडा पाहून येऊ, तर सुमारे ११० किलोमीटर वाढतात. तिसऱ्याचं बिल १२,४५० होतं. पहिल्याचं ११,७००च राहतं, कारण त्याच्याकडे आपण न वापरलेल्या २६० किलोमीटरचे पैसे आधीच भरलेले आहेत. ज्यांचा कार्यक्रम वाटेत बदलतो त्यांनी रनिंग काढताना थोडं सैल काढावं.

नागपूरच्या उदाहरणात आणखी एक खाच आहे. मिनिमम रोजच्या रोज धरणार की पूर्ण सहलीची सरासरी काढणार? सरासरी काढली तर १,५०० किलोमीटरचे पैसे. रोजच्या रोज धरलं तर मधल्या दिवशीच्या ६०चे ३०० होतात आणि बिल १,७४० किलोमीटरचं होतं. १२ रुपयांनी हा फरक २,८८० रुपयांचा. सरासरी काढण्याची रीत जास्त दिसते, पण गृहीत धरू नये, स्पष्ट विचारून घ्यावं. कोल्हापूरच्या सहलीत तिन्ही दिवस ३००च्या आतले असल्याने तिथे पहिल्या गाडीवाल्याकडे फरक पडत नाही.

दिवस कसा मोजतात, हेही विचारायला हवं. पुष्कळ गाडीवाले मध्यरात्र ते मध्यरात्र असा दिवस धरतात. सोमवारी रात्री कात्रजला वाहनांच्या रांगेत अडकून गाडी साडेबाराला दारात आली, तर मंगळवारही लागू शकतो. पहिल्या गाडीवाल्याकडे त्या अर्ध्या तासाचे ३,६०० आणि भत्त्याचे ३००, असे ३,९०० होतात. तिसऱ्याकडे मिनिमम ८०० किलोमीटरवर जातं आणि २,८०० वाढतात. शुक्रवारी रात्री दहाला निघण्याचा बेतही असाच महागात पडतो, कारण दोन तासांसाठी शुक्रवारचा पूर्ण दिवस मोजला जातो. शनिवारी पहाटे पाचला निघालं तर तो दिवस वाचतो. काही जण २४ तासांचा दिवस धरतात, काही मध्यरात्रीनंतर तासभर सवलत देतात. जी रीत असेल ती आधी कळली पाहिजे.

आता दुसऱ्या गाडीवाल्याकडे वळू. त्याचे ७५० किलोमीटरचे १०,५०० आणि भत्त्याचे ९०० धरून ११,४०० होतात, म्हणजे पहिल्यापेक्षा कमी. पण शेवटी तो म्हणतो, नाईट हॉल्ट वेगळा, रात्रीला २५०. दोन रात्रींचे ५०० धरले की ११,९००, आणि तो तिघांत सर्वांत महाग ठरतो. ड्रायव्हर भत्ता दिवसावर असतो, नाईट हॉल्ट रात्रीवर. काही जणांच्या भत्त्यात मुक्काम धरलेला असतो, काहींच्या नसतो. आणि रात्री दहा-अकरानंतर पहाटेपर्यंत गाडी चालवली तर लागणारा नाईट चार्ज ही तिसरीच गोष्ट. फोनवर तिन्हींना सर्रास ‘नाईट’ म्हटलं जातं. म्हणून ‘गाडी मुक्कामाला थांबली तर किती आणि रात्री चालली तर किती’ असं दोन वाक्यांत विचारावं.

इथे पैशांपलीकडचा एक मुद्दा आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. हा भत्ता ड्रायव्हरच्या हातात पडतो का, आणि तो रात्री कुठे झोपतो? अनेक ड्रायव्हर गाडीतच सीट मागे करून झोपतात आणि सकाळी आपल्याला घाटातून घेऊन जातात. १९६१च्या मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायद्यात कामाचे तास दिवसाला आठ असे धरले होते, पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी होता. एक-दोन गाड्यांच्या मालकाकडचा ड्रायव्हर त्यातून सुटत असे. हॉटेल ठरवतानाच ड्रायव्हरसाठी खोली किंवा डॉर्मिटरी आहे का, हे विचारावं. पुष्कळ ठिकाणी ती असते. ती असेल तर गाडीवाल्याला हॉल्टची रक्कम कमी करायलाही सांगता येतं.

टोलचं त्या मानाने सोपं आहे. पुणे-कोल्हापूर रस्त्यावर खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी असे चार नाके लागतात, जाताना चार आणि येताना चार. पैसे ड्रायव्हरच्या फास्टॅगमधून कापले जातात, तेव्हा शेवटी मोबाईलवर आलेले कपातीचे संदेश दाखवायला सांगावं आणि तेवढेच द्यावेत. फास्टॅगमध्ये पैसे नसल्यामुळे नाक्यावर जादा पैसे भरावे लागले, तर तो भार प्रवाशाचा नाही, हे आधीच बोलून ठेवावं. राष्ट्रीय महामार्गावर २४ तासांत परतणाऱ्याला सवलत आहे, ती तीन दिवसांच्या सहलीला लागू होत नाही. २०२५च्या १५ ऑगस्टपासून सुरू झालेला वार्षिक पासही खासगी वापराच्या गाड्यांसाठी आहे, पिवळ्या पाटीच्या टॅक्सीला नाही. पार्किंगच्या पावत्या जमा कराव्यात. दोन्हींचे मिळून एकरकमी पैसे घ्यायला कुणी तयार असेल, तर वरच्या नाक्यांची बेरीज करून ती रक्कम ताडून पाहावी.

तुलना करायची तर तिघांनाही व्हॉट्सॲपवर एकच मजकूर पाठवावा: निघण्याची तारीख आणि वेळ, परतण्याची तारीख आणि अंदाजे वेळ, जायची ठिकाणं, गाडीचा प्रकार, अंदाजे ६४० किलोमीटर. त्याखाली प्रश्न: दर, रोजचं मिनिमम आणि ते सरासरीने की रोजच्या रोज, दिवस कसा मोजता, भत्ता, मुक्काम, रात्रीचं ड्रायव्हिंग, जादा किलोमीटरचा दर, किलोमीटर कुठून सुरू, जीएसटी धरून की वेगळा. जीएसटी वेगळा असेल आणि तो ५ टक्के असेल तर १०,८०० वर ५४० रुपये वाढतात, आणि तिघांतला क्रम तेवढ्यानेही बदलू शकतो. उत्तर लेखी आलं की वाद होत नाहीत.

निघताना मीटरच्या रीडिंगचा फोटो काढावा, परत आल्यावर दुसरा. गॅरेजचे किलोमीटर आधी ठरल्याप्रमाणे त्यात मिळवावेत. शेवटी ड्रायव्हर ड्यूटी स्लिप पुढे करतो, तेव्हा सुरुवातीचे आणि शेवटचे किलोमीटर आणि वेळ त्याने आपल्यासमोर भरल्यावरच सही करावी. दमून घरी आल्यावर कोऱ्या स्लिपवर सही करून दिली, तर नंतर तिच्यावर जे लिहिलं जाईल तेच बिल ठरतं.