तक्रारीच्या वेळेचा खरा हिशेब

सेवा देणारी संस्था ग्राहकाला ठरावीक मुदतीत तक्रार सोडवण्याची हमी देते. किती तक्रारी त्या मुदतीत सुटल्या, हे मुदतपालन अहवाल सांगतो. त्यासाठी प्रत्येक तक्रारीच्या दोन नोंदी लागतात : ती आली ती तारीख-वेळ आणि ती सुटली ती तारीख-वेळ. मात्र हमी बहुधा कामकाजाच्या तासांची असते, म्हणून दोन वेळांची नुसती वजाबाकी करून भागत नाही. कार्यालय बंद असतानाचे तास, शनिवार-रविवार आणि जाहीर सुट्ट्या त्यातून वगळाव्या लागतात.

समजा, मुंबईतील एका कार्यालयाचे कामकाज सकाळी १० ते सायंकाळी ६ चालते आणि तक्रारीची मुदत १६ कामकाजी तासांची आहे. शुक्रवार, ५ सप्टेंबर २०२५ रोजी दुपारी ४ वाजता एक तक्रार आली आणि बुधवार, १० सप्टेंबरला दुपारी १ वाजता सुटली. घड्याळाप्रमाणे ११७ तास गेले. रात्रीचे तास आणि शनिवार-रविवार वगळले, तर शुक्रवारचे २, सोमवार व मंगळवारचे प्रत्येकी ८ आणि बुधवारचे ३ असे २१ तास उरतात. म्हणजे मुदत हुकली.

पण या आठवड्यात ईद-ए-मिलादची सुट्टी होती. राज्यात ती ५ सप्टेंबरला होती. ६ तारखेला अनंत चतुर्दशी असल्याने मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यांपुरती ती सोमवारी, ८ सप्टेंबरला नेण्यात आली. सोमवार वगळला की २, ८ आणि ३ मिळून १३ तास होतात आणि तक्रार मुदतीत बसते. हेच गणित पुण्याच्या सुट्ट्यांची यादी लावून केले, तर शुक्रवारचे २ तास गळतात, सोमवारचे ८ धरले जातात आणि उत्तर १९ येते. तक्रार तीच, वेळा त्याच, फक्त यादी चुकल्याने निकाल उलटतो. म्हणून सुट्ट्यांच्या तक्त्यात तारखेशेजारी ती कोणत्या जिल्ह्याला किंवा शाखेला लागू आहे, हेही लिहावे लागते. ऐनवेळी बदललेली सुट्टी त्या तक्त्यात चढवून अहवाल पुन्हा काढावा लागतो.

एक्सेलमध्ये हे काम `NETWORKDAYS` करते. ते शनिवार-रविवार आणि दिलेल्या यादीतील सुट्ट्या वगळून कामाचे दिवस मोजते. पहिला आणि शेवटचा दिवसही ते पूर्ण दिवस म्हणून धरते, त्यामुळे त्या दोन दिवसांचे तास वेगळे दुरुस्त करावे लागतात. पुढील सूत्रात A2 ही आल्याची वेळ, B2 ही सुटल्याची वेळ, F1 व F2 कार्यालय उघडण्या-मिटण्याच्या वेळा आणि H स्तंभात सुट्ट्या आहेत.

```
=24*((NETWORKDAYS(A2,B2,$H$2:$H$30)-1)*($F$2-$F$1)
+IF(NETWORKDAYS(B2,B2,$H$2:$H$30),MEDIAN(MOD(B2,1),$F$1,$F$2),$F$2)
-MEDIAN(NETWORKDAYS(A2,A2,$H$2:$H$30)*MOD(A2,1),$F$1,$F$2))
```

यातील `MEDIAN` वेळेला कार्यालयीन चौकटीत ठेवते. रात्री ९ ला आलेली तक्रार ६ ची धरली जाते, म्हणून तिचे तास दुसऱ्या कामाच्या दिवसापासून सुरू होतात. मुंबईची यादी दिली की वरील तक्रारीचे उत्तर १३ येते.

साप्ताहिक सुट्टीही सगळीकडे सारखी नसते. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, तर बँका फक्त दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. बँकेसाठी `NETWORKDAYS.INTL` मध्ये ११ हा क्रमांक देऊन फक्त रविवार वगळतात आणि ते दोन शनिवार सुट्ट्यांच्या यादीत घालतात.

मूळ नोंदीतील एक चूक सहज नजरेतून सुटते. संगणकप्रणाली वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवत असेल, तर ती भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे दिसते. दुपारी ४ ची तक्रार सकाळी साडेदहाची ठरते. पहाटेच्या सुमारास बऱ्याच तक्रारी बंद झालेल्या दिसल्या, तर हा दोष आधी तपासावा.

शेवटी टक्केवारी. ४० पैकी ३० तक्रारी मुदतीत सुटल्या, ४ उशिरा सुटल्या आणि ६ प्रलंबित आहेत, असे धरू. फक्त सुटलेल्या मोजल्या तर ३४ पैकी ३०, म्हणजे सुमारे ८८ टक्के पालन दिसते. पण प्रलंबितांपैकी दोघींची मुदत आधीच संपली असेल, तर त्या हुकलेल्याच आहेत. खरे प्रमाण ३६ पैकी ३०, म्हणजे सुमारे ८३ टक्के. उरलेल्या चारींची मुदत अजून संपलेली नसल्याने त्यांचा निकाल पुढच्या अहवालात लागतो.