सॉल्व्हरचे उत्तर कसे पारखावे?

कुरिअर कंपनीत कोणत्या गाड्या किती लावायच्या, हे ठरवायला बऱ्याचदा एक्सेलमधला सॉल्व्हर वापरतात. दिलेल्या अटी पाळून कमीत कमी खर्चाचा पर्याय तो शोधून देतो. मात्र अट चुकीची लिहिली गेली, तर चुकीच्या प्रश्नाचे उत्तरही तो तितक्याच ठामपणे देतो. नव्या विश्लेषकाला वरिष्ठांकडे असा ईमेल पाठवावा लागतो तो म्हणूनच:

“सर, उद्याच्या ९५० पार्सलांसाठी सॉल्व्हरने ५ व्हॅन आणि ५ टेम्पो सुचवले आहेत. खर्च १९,५०० रुपये. व्हॅन स्वस्त पडते आणि आपल्याकडे सहा आहेत, मग सहावी उभी का ठेवली? उत्तर पुढे पाठवण्याआधी काय तपासू?”

या उदाहरणात एका व्हॅनमध्ये १२० पार्सले मावतात आणि तिचा दिवसाचा खर्च २,४०० रुपये आहे. टेम्पोत ७० मावतात, खर्च १,५०० रुपये. व्हॅन जास्तीत जास्त सहा, टेम्पो हवे तितके भाड्याने मिळतात.

पहिली तपासणी सॉल्व्हर बाजूला ठेवून करायची. त्याने दिलेले आकडे कोऱ्या कागदावर घेऊन हिशेब नव्याने मांडायचा. ५ व्हॅनमध्ये ६०० आणि ५ टेम्पोंत ३५०, म्हणजे बरोबर ९५० पार्सले. खर्च १२,००० आणि ७,५०० मिळून १९,५०० रुपये. गाड्यांचे आकडे पूर्णांकात आहेत आणि व्हॅन सहापेक्षा जास्त नाहीत. म्हणजे अटी पाळल्या गेल्या आहेत. शीटमधल्या सूत्राची बेरीज एखादी ओळ गाळत असेल, तर ती चूक इथेच सापडते.

यावरून योजना चालण्याजोगी आहे एवढे कळते. ती सर्वांत स्वस्त आहे का, हे कळत नाही. त्यासाठी खर्चाची तळरेषा काढतात. व्हॅनमधले पार्सल २० रुपयांना पडते, टेम्पोतले सुमारे २१ रुपये ४३ पैशांना. गाडीचा तुकडाही भाड्याने घेता येतो असे क्षणभर धरले, तर सहाही व्हॅन भरून ७२० पार्सले १४,४०० रुपयांत जातील आणि उरलेल्या २३० पार्सलांना टेम्पोचे सुमारे ४,९२९ रुपये लागतील. एकूण १९,३२९. प्रत्यक्षात गाडी अख्खीच घ्यावी लागते, त्यामुळे खर्च याच्या खाली जाऊच शकत नाही. सॉल्व्हरने १८,००० सांगितले असते, तर एखादी अट लिहायची राहिली हे नक्की.

इथे आणखी एक पाऊल टाकता येते. २,४०० आणि १,५०० या दोन्ही रकमांना ३०० ने भाग जातो, म्हणून कोणत्याही योजनेचा खर्च ३०० च्या पटीतच येणार. १९,३२९ च्या वरची पहिली अशी रक्कम १९,५०० आहे. यापेक्षा स्वस्त योजना असूच शकत नाही, हे कागदावरच सिद्ध झाले. सहावी व्हॅन घेतली असती, तर उरलेल्या २३० पार्सलांसाठी चार टेम्पो लागले असते, चौथा बराचसा रिकामा गेला असता आणि खर्च २०,४०० झाला असता. व्हॅन उभी राहण्याचे कारण हेच.

प्रत्येक प्रश्नात इतका नेमका पुरावा मिळत नाही. एक्सेलच्या सॉल्व्हरमध्ये `Integer Optimality (%)` ही किंमत मुळात १ असते. उत्तर सर्वोत्तमाच्या एक टक्क्याच्या आत आले की तो थांबू शकतो. मोठ्या खर्चात एक टक्का म्हणजे बरीच रक्कम. ती किंमत शून्य करून पुन्हा चालवून पाहावे.

शेवटी आकडे थोडे हलवून पाहायचे. अट सैल केली तर खर्च वाढता कामा नये. व्हॅनची मर्यादा आठ केली, तर आठ व्हॅनमध्येच काम होते आणि खर्च १९,२०० वर येतो. उलट, पार्सले वाढली तर खर्च कमी होता कामा नये. ९५१ पार्सलांना ४ व्हॅन आणि ७ टेम्पो लागतात, खर्च २०,१००. दिशा उलटी निघाली, तर सूत्रात किंवा अटीत दोष आहे.

याच चाचणीतून योजनेची कमजोर बाजूही दिसते: एका पार्सलाने खर्च ६०० रुपयांनी वाढला आणि गाड्यांची वाटणीही बदलली. मूळ योजनेत एकाही पार्सलाची जागा शिल्लक नाही. ‘१२० मावतात’ हा आकडा सरासरी खोक्यांचा असेल आणि उद्या मोठी खोकी आली, तर माल गोदामातच राहील. म्हणून वरिष्ठांना फक्त १९,५०० हा आकडा कळवू नये. खालची मर्यादा १९,३२९, मोकळी जागा शून्य आणि एक पार्सल वाढल्यास २०,१००, हेही त्याच ईमेलमध्ये लिहावे. गाडीत खरोखर किती माल बसतो, हे मात्र माल भरणाऱ्यांनाच विचारून घ्यावे. ते सॉल्व्हरला ठाऊक नसते.